किरण देशपांडे : सर की मॅडम?

प्रश्न

मी इचलकरंजीची. बी.कॉम. झाल्यावर एका सीएंकडे टॅली आणि जीएसटीचं काम केलं. आता चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा निघाली आहे, तिथे इंग्रजीत अर्ज पाठवायचा आहे. जाहिरातीत कोणाचं नाव नाही, नुसता ईमेल पत्ता आहे. लिंक्डइनवर त्या कंपनीच्या भरती विभागातलं एक नाव सापडलं (खरं नाव देत नाही, समजा किरण देशपांडे), पण फोटो नाही. मैत्रीण म्हणते 'रिस्पेक्टेड सर' लिही, भाऊ म्हणतो 'टू हूम इट मे कन्सर्न'. शिवाय गावातल्या एका खासगी शाळेत लिपिकाची जागा आहे. तिथला अर्ज मराठीत द्यायचा आहे आणि मुख्याध्यापक सर आहेत की बाई, तेही मला माहीत नाही. दोन्हीकडे सुरुवात कशी करू?

— एक अर्जदार, इचलकरंजी

उत्तर

चाकणच्या अर्जात 'डिअर किरण देशपांडे' एवढंच लिहा. नावाआधी मिस्टर नको, नावानंतर सर किंवा मॅडम नको. पूर्ण नाव, स्वल्पविराम आणि खालच्या ओळीपासून मजकूर सुरू. नुसतं नाव लिहायला आपल्याला अवघडल्यासारखं होतं, कारण घरी आणि शाळेत आपण मोठ्या माणसाचं नाव कधी तसं घेत नाही. पण इंग्रजी व्यावसायिक पत्रात पूर्ण नावाने केलेली सुरुवात आज रुळलेली आहे आणि भरती विभागातल्या कोणालाही ती खटकत नाही. खटकतं ते चुकीचं संबोधन. किरण देशपांडे बाई असतील आणि त्यांना 'मिस्टर देशपांडे' म्हणून अर्ज आला, तर खालचे तुमचे जीएसटीचे अनुभव वाचण्याआधी त्यांच्या मनात एक नोंद होते : या मुलीने माहिती नसताना ठोकून दिलं. हिशेबाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या माणसाबद्दल तर ही नोंद फारच वाईट.

नावावरून अंदाज बांधण्याचा मोह मोठा असतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. किरण हे नाव महाराष्ट्रात पुरुषांचंही असतं आणि बायकांचंही, हे तुम्हाला ठाऊक आहेच, म्हणून तर तुम्ही अडलात. पण ज्या नावांबद्दल आपल्याला अजिबात शंका येत नाही, तिथेच लोक जास्त चुकतात. 'शीतल' वाचलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुलगी येते; तुमच्याच कोल्हापूर-सांगली भागातल्या जैन घरांत शीतल नावाचे पुरुष भरपूर आहेत. 'सुमन' आपल्याकडे आजीचं नाव, बंगालमध्ये तरुण मुलाचं. 'कमल' आपल्याकडे मावशी, उत्तरेत काका. हरप्रीत, गुरप्रीत, मनजीत ही पंजाबी नावं दोघांचीही असतात. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात परदेशी कंपन्या आहेत, त्यामुळे तिथे 'आंद्रेया' असं नावही समोर येऊ शकतं. जर्मनीत ते बहुधा बाईचं असतं, इटलीत पुरुषाचं. म्हणजे नाव वाचून मनात जे चित्र उभं राहतं ते आपल्या गावाचं असतं. समोरची व्यक्ती त्या गावची असेलच असं नाही.

मधल्या नावाचाही उपयोग होत नाही. लिंक्डइनवर 'किरण वसंतराव देशपांडे' असं पूर्ण नाव दिसलं तरी वसंतराव हे वडिलांचं नाव असेल किंवा नवऱ्याचं, त्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून संबोधनात मधलं नाव घेऊच नका, पहिलं नाव आणि आडनाव पुरे. आद्याक्षरं असतील तर आहेत तशी ठेवा : 'डिअर एस. आर. पाटील'. ती उलगडण्याचा प्रयत्न करू नका. आडनाव आधी लिहिण्याची पद्धत असलेल्या यादीतून नाव घेतलं असेल, तर मात्र 'देशपांडे किरण' असं न लिहिता क्रम सुधारून घ्या.

आता एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो संबोधनाच्या आधी येतो. किरण देशपांडे हीच योग्य व्यक्ती आहे का? कंपनीच्या भरती विभागात कोणी काम करतं, एवढ्यावरून ही जागा त्यांच्याकडेच आहे असं होत नाही. मध्यम आकाराच्या कंपनीत एक जण कारखान्यातल्या कामगारांची भरती बघतो, दुसरी व्यक्ती ऑफिसातल्या जागा बघते, आणि अंतिम निवड करतो तो अकाउंट्सचा मॅनेजर तिसराच असतो. लिंक्डइनवरची माहिती जुनीही असू शकते. लोक नोकरी बदलतात आणि प्रोफाइल महिनोन्‌महिने तसंच राहतं. सोडून गेलेल्या माणसाच्या नावे आलेला अर्ज वाचणाऱ्याला विचित्र वाटतो. म्हणून नाव वापरण्याआधी दोन गोष्टी तपासा. लिंक्डइनवर त्या जागेची जाहिरात उघडून पाहा. जाहिरात टाकणाऱ्याने परवानगी दिली असेल तर भरती करणाऱ्याचं नाव जाहिरातीतच दिसतं. ते किरण देशपांडे यांचं असेल तर प्रश्न मिटला. नोकरी डॉट कॉमवरच्या जाहिरातीतही कधी कधी भरती करणाऱ्याचं नाव असतं. आणि किरण यांच्या प्रोफाइलमध्ये नावाशेजारी इंग्रजी सर्वनाम लिहिलेलं आहे का, तेही बघून घ्या. ती सोय लिंक्डइनवर आहे, सगळे वापरत नाहीत. तिथे 'शी' किंवा 'ही' असेल, तर व्यक्तीने स्वतःच सांगितलेलं आहे आणि ते मानायचं.

दुसरा मार्ग फोनचा. तो जुना वाटेल, पण सगळ्यात खात्रीचा तोच आहे. कंपनीच्या वेबसाइटवर कारखान्याचा मुख्य नंबर असतो, तिथे सकाळी अकराच्या सुमाराला फोन करा. गुरुवार टाळा, कारण चाकण-भोसरी भागात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रिसेप्शनवर जे कोणी फोन उचलेल त्यांना एवढंच विचारायचं : "नमस्कार, अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी अर्ज पाठवायचा आहे. तो कोणाच्या नावे पाठवू?" नाव मिळालं की लगेच, "स्पेलिंग सांगाल का?" आणि मग, "मिस्टर लिहू की मिस?" हा शेवटचा प्रश्न स्पेलिंगच्या पाठोपाठ विचारला की अगदी साधा वाटतो. रिसेप्शनवरच्यांना असले प्रश्न रोजचे असतात. "नाव देता येत नाही, जाहिरातीतल्या ईमेलवरच पाठवा," असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा, आग्रह धरू नका. काही कंपन्यांमध्ये नाव न सांगण्याचा नियमच असतो आणि मग नावाशिवाय अर्ज करणं हीच त्यांची अपेक्षा असते.

या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. संचालकांची नावं वेबसाइटवर सहज सापडतात म्हणून अर्ज त्यांच्या नावे पाठवणारे लोक असतात. तो अर्ज फिरत फिरत शेवटी भरती विभागाकडेच येतो, तोही उशिरा.

समजा नाव नक्की झालंच नाही. मग माणसाऐवजी कामाला उद्देशून लिहायचं. समोर कोण बसलं आहे हे आपल्याला माहीत नसतं, पण ते कोणतं काम करायला बसलं आहे हे माहीत असतं. ते म्हणजे या जागेसाठी माणूस निवडणं. म्हणून 'डिअर हायरिंग मॅनेजर' हे संबोधन खोटं ठरू शकत नाही. अर्ज आधी भरती विभागात वाचला जाईल असं वाटत असेल, तर 'डिअर रिक्रूटमेंट टीम' लिहा. जाहिरातीत विभागाचं नाव स्पष्ट असेल तर मला 'डिअर अकाउंट्स हायरिंग टीम' हे सगळ्यात आवडतं, कारण अर्ज याच जागेसाठी लिहिलेला आहे, दहा ठिकाणी पाठवलेला तोच कागद नाही, हे त्यातून कळतं. 'टीम' या शब्दाचा आणखी एक फायदा असा की अर्ज प्रत्यक्षात एकाहून जास्त लोक वाचतात आणि त्या सगळ्यांना ते लागू पडतं.

भावाने सुचवलेलं 'टू हूम इट मे कन्सर्न' चूक नाही, पण ते दुसऱ्या कागदाचं आहे. तुमच्या सीएंनी तुम्हाला अनुभवाचा दाखला दिला असेल तर त्याच्या डोक्यावर बहुधा हेच शब्द असतील, आणि तिथे ते बरोबर आहेत. तो दाखला तुम्ही उद्या कोणालाही दाखवाल, तो लिहिताना वाचणारा ठरलेला नसतो. अर्ज मात्र एका कंपनीतल्या एका जागेसाठी असतो. त्यावर ते शब्द आले की अर्ज कोणाच्याही हातात पडला तरी चालेल असा सूर लागतो, आणि वाचणाऱ्याला तो आपला वाटत नाही.

मैत्रिणीचं 'रिस्पेक्टेड सर' मात्र मी ठामपणे नको म्हणेन. भरतीच्या खात्यात बायका मोठ्या संख्येने काम करतात. तुमचा अर्ज उघडणारी पहिली व्यक्ती बाई असण्याची शक्यता चांगलीच आहे. त्या रोज 'सर' म्हणून आलेले अर्ज वाचतात आणि बहुतेक जणी ते सोडून देतात, पण म्हणून आपण तसं लिहायचं कारण नाही. 'रिस्पेक्टेड' हा शब्द आपण शाळेतल्या रजेच्या अर्जापासून गिरवत आलो आहोत, म्हणून तो हाताला येतो. भारतातल्या कार्यालयांत तो चालतो, पण खासगी कंपनीला लिहिताना 'डिअर' वापरा. परदेशी वाचकाला 'रिस्पेक्टेड' अनोळखी वाटतं आणि 'डिअर' सगळीकडे समजतं. 'डिअर'मध्ये लाडीगोडी नाही, ते फक्त पत्राचं पहिलं पाऊल आहे. अनोळखी माणसाला लिहिताना संकोच बाळगू नका.

मग 'डिअर सर ऑर मॅडम' किंवा 'सर/मॅडम'चं काय? ते अजूनही चालतं. बँका, सरकारी कंपन्या, महामंडळं, जुन्या सहकारी संस्था अशा ठिकाणी तेच अपेक्षित असतं आणि तिथे 'हायरिंग टीम' लिहिलं तर उलट परकं वाटेल. चाकणच्या खासगी कंपनीतही त्यावरून कोणी अर्ज बाजूला ठेवणार नाही. मला त्यात एवढंच खुपतं की वाचणारा पुरुष असावा किंवा बाई असावी, एवढीच शक्यता गृहीत धरलेली असते आणि जी व्यक्ती या दोन्हींत स्वतःला मोजत नाही तिला आपण पहिल्याच ओळीत बाहेर ठेवतो. 'हायरिंग मॅनेजर' लिहिलं की हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे निवड तुमच्या हातात असेल तिथे पद किंवा टीम, आणि जिथे कार्यालयाची जुनी रीत आहे तिथे सर ऑर मॅडम.

फोनवर "मिस लिहा" असं कळलं, तर एक बारकावा लक्षात असू द्या. इंग्रजीत मिसेस आणि मिस यांच्याखेरीज एक तिसरं संबोधन आहे, एम-एस अशा दोनच अक्षरांचं, ज्याचा उच्चार 'मिझ' होतो. लग्न झालेलं असो वा नसो, ते कोणत्याही बाईला चालतं. अर्जात नेहमी तेच वापरा आणि त्याच्यापुढे आडनाव लिहा : 'डिअर मिझ देशपांडे'. 'मिझ किरण' किंवा 'मिस्टर किरण' असं पहिल्या नावाला जोडू नका. आपल्याकडे बोलताना 'किरण मॅडम' म्हणतात, ते भेट झाल्यावर ठीक आहे.

शेवटच्या सहीशीही संबोधनाचं नातं असतं. शाळेत आपण जे ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकलो, त्यात नाव न घेता सुरुवात केली असेल, म्हणजे 'डिअर सर ऑर मॅडम' असेल, तर शेवटी 'युअर्स फेथफुली' आणि नाव घेतलं असेल तर 'युअर्स सिन्सिअरली' असा रिवाज आहे. अमेरिकन वळणात दोन्हीकडे नुसतं 'सिन्सिअरली' चालतं आणि संबोधनानंतर स्वल्पविरामाऐवजी अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबं येतात. भारतातल्या कंपनीला लिहिताना स्वल्पविरामच ठेवा. ईमेलमध्ये आता 'रिगार्ड्‌स' इतकं रुळलं आहे की शंका आली तर तेच लिहून मोकळं व्हावं.

आता तुमचा अर्ज प्रत्यक्ष कसा दिसेल ते पाहू. ईमेल जाईल जाहिरातीतल्या पत्त्यावर, किरण यांच्या वैयक्तिक पत्त्याचा अंदाज बांधून तिकडे नाही. विषयाच्या ओळीत पदाचं नाव, ठिकाण, जाहिरातीत क्रमांक असेल तर तो आणि तुमचं नाव. ही ओळ संबोधनापेक्षा जास्त महत्त्वाची, कारण अर्ज त्यावरूनच शोधला आणि पुढे पाठवला जातो. मग संबोधन : नाव नक्की झालं तर 'डिअर किरण देशपांडे', नाहीतर 'डिअर अकाउंट्स हायरिंग टीम'. लगेच पहिलं वाक्य असं, की मी चाकण येथील अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी अर्ज करत आहे आणि सीए कार्यालयात मी जीएसटीआर-१ व जीएसटीआर-३बी ही विवरणपत्रं भरण्याचं आणि टॅलीमधल्या नोंदी जुळवण्याचं काम केलं आहे. फोनवर ईमेलच्या यादीत तुमचं नाव, विषय आणि मजकुराचे पहिले काही शब्द एवढंच दिसतं. त्या पहिल्या शब्दांत संबोधन असतं आणि त्याला लागूनच हे वाक्य. म्हणून संबोधन आटोपशीर ठेवा आणि त्यानंतर 'मी आपल्या नामांकित कंपनीत…' अशी प्रस्तावना घालू नका.

अर्जाचं पत्र वेगळी पीडीएफ म्हणून जोडणार असाल, तर ईमेलमधलं आणि त्या पत्रातलं संबोधन वेगळं असू शकतं, आणि कधी कधी ते वेगळंच असायला हवं. ईमेल किरण यांच्याकडे जातो, पण जोडलेलं पत्र त्या किंवा ते पुढे अकाउंट्सच्या मॅनेजरकडे पाठवतात. तेव्हा ईमेलमध्ये किरण यांचं नाव आणि जोडपत्रात 'डिअर हायरिंग मॅनेजर' ही जोडी उत्तम बसते. प्लेसमेंट एजन्सीमार्फत अर्ज करताना तर हे नक्की करा. तिथे ईमेल वाचते एजन्सीची व्यक्ती, जिचं नाव तुम्हाला फोनवरून कळलेलं असतं, आणि ज्या कंपनीला पत्र जाणार तिचं नावही अनेकदा सांगितलेलं नसतं.

कंपनीच्या वेबसाइटवर फॉर्म भरायचा असेल आणि त्यात फक्त बायोडेटा जोडायची सोय असेल, तर संबोधनाचा विचार सोडून द्या; बायोडेटावर संबोधन नसतंच. ज्याला संबोधनाची जागा आहे अशा अर्जांत मात्र एक चूक मी इतर सगळ्या चुकांपेक्षा गंभीर मानते : आधीच्या अर्जातलं नाव तसंच राहणं. चाकणच्या कंपनीला गेलेल्या अर्जात हिंजवडीच्या कंपनीचं किंवा तिथल्या मॅनेजरचं नाव राहिलं, तर 'सर' की 'मॅडम' हा प्रश्नच मागे पडतो. पाठवण्याआधी संबोधन आणि कंपनीचं नाव असलेली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. डोळा चुकलेला शब्द सुधारून वाचतो, तोंड तसं करत नाही.

आता शाळेकडे वळू, कारण तिथे तुमचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटतो. खासगी शाळेत नेमणूक करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांचा नसतो, तो शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या व्यवस्थापनाचा असतो. महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे आणि त्यातही नेमणूक व्यवस्थापनानेच करायची आहे. त्यामुळे अर्ज संस्थेच्या सचिवांच्या किंवा अध्यक्षांच्या नावे जायला हवा. जाहिरात पुन्हा वाचा, तिच्या तळाशी अर्ज मागवणाऱ्याचं पद छापलेलं असेल. तेच पद, त्याच शब्दांत, अर्जावर घ्या. 'सचिव' हा शब्द पुरुषालाही लागतो आणि बाईलाही, आणि त्याच्याआधी येणारं 'मा.' सुद्धा तसंच. म्हणजे पत्त्यातच तुमची निम्मी अडचण सुटली :

प्रति,
मा. सचिव,
(संस्थेचं जाहिरातीतलं पूर्ण नाव),
इचलकरंजी.

विषय : कनिष्ठ लिपिक पदासाठी अर्ज.
संदर्भ : (वर्तमानपत्राचं नाव) मधील दि. … ची जाहिरात.

महोदय/महोदया,

इथे तिरकी रेघ बिनधास्त वापरा. मराठी कार्यालयीन पत्रात 'महोदय/महोदया' पूर्णपणे रूढ आहे. नुसतं 'महोदय' लिहूनही पुष्कळ अर्ज जातात आणि ते सर्वांना उद्देशून आहे असं मानलं जातं, पण महोदया असतील तर त्यांनी ते मानून का घ्यावं? जुन्या वळणाच्या संस्थेला लिहिताना 'स. न. वि. वि.' म्हणजे 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' हाही सभ्य मार्ग आहे. त्यात कोणाला उद्देशून म्हटलं आहे हे येतच नाही, म्हणून तो कोणालाही चालतो. नोकरीच्या औपचारिक अर्जाला मी तरीही 'महोदय/महोदया' निवडेन, कारण अर्ज फाइलला लागतो आणि 'स. न. वि. वि.' मध्ये घरगुती पत्राची थोडी छटा आहे.

फोन करून किंवा संस्थेत चौकशी करून सचिव बाई आहेत असं कळलं आणि नावही मिळालं, तर 'श्रीमती' लावा, 'सौ.' किंवा 'कु.' नको. 'श्रीमती' फक्त विधवेला लावतात असा समज आपल्याकडे काही घरांत अजून आहे, म्हणून लोक कचरतात. पण कार्यालयीन मराठीत ते सर्व स्त्रियांसाठी आहे. 'सौ.' लिहिण्यासाठी समोरच्या बाईच्या लग्नाबद्दल माहिती असावी लागते आणि नोकरीच्या अर्जात त्या माहितीचं काही काम नाही.

अर्ज 'मुख्याध्यापकांमार्फत' मागवला असेल, तरच मुख्याध्यापकांचा प्रश्न येतो. तसं असेल तर, शाळा गावातच आहे, कार्यालयात जाऊन या. बहुतेक शाळांच्या कार्यालयात आजवरच्या मुख्याध्यापकांची नावं आणि कारकीर्द लिहिलेला फलक भिंतीवर असतो, शेवटचं नाव तुम्हाला हवं ते. लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करत असाल तर तिथल्या आताच्या लिपिकांशी बोलणं होईल, तेही उपयोगाचं.

मराठी अर्जात एक फसगत इंग्रजीत नसलेली आहे. वर 'महोदय/महोदया' लिहून काळजी घेतली, तरी खाली एखादं क्रियापद ती घालवू शकतं. 'आपण फोनवर म्हणाला होतात' असं लिहिलं की समोरचा पुरुष ठरला, 'म्हणाल्या होतात' लिहिलं की बाई. त्याऐवजी 'आपण फोनवर सांगितले होते' किंवा 'फोनवर सांगितल्याप्रमाणे' लिहा. 'आपण आलात', 'आपण भेटलात' अशी वाक्यंही टाळता येतात : 'आपली भेट झाली तेव्हा'. भविष्यकाळ आणि विनंती यांत हा त्रास नाही. 'आपण माझ्या अर्जाचा विचार करावा', 'मला मुलाखतीची संधी द्यावी' ही वाक्यं कोणालाही चालतात. स्वतःबद्दलचं मात्र स्पष्ट असू द्या. तुम्ही 'मी काम केले आहे' लिहा वा 'मी काम करत होते', शेवटी 'आपली विश्वासू' येणार. कुठूनतरी नमुना उतरवून घेतलेल्या अर्जात 'आपला विश्वासू' राहून जातं, तेवढं पाहा.

अर्ज गेल्यावर कळलं की 'सर' लिहिलं होतं आणि त्या बाई आहेत, तर तेवढ्यासाठी अर्ज दुसऱ्यांदा पाठवू नका आणि माफीचा वेगळा ईमेलही नको. एका जागेसाठी दोन अर्ज आले की गोंधळ वाढतो. पुढच्या पत्रात बरोबर संबोधन वापरा, तेवढं पुरे. कंपनीचं नावच चुकलं असेल तर मात्र सुधारित अर्ज लगेच पाठवा आणि विषयाच्या ओळीत 'सुधारित' असा उल्लेख करा.

चाकणहून उत्तर आलं की आधी सगळ्यात खालची सही वाचा. तिथे 'किरण' एवढंच असेल तर तुमचं पुढचं पत्र 'डिअर किरण' ने सुरू करायला हरकत नाही. पूर्ण नाव असेल तर पूर्ण नावच ठेवा. सहीत 'मिस्टर' किंवा 'मिझ' असेल तर ते आणि आडनाव घ्या. आणि मुलाखत कोण घेणार हे त्या ईमेलमध्ये नसेल, तर उत्तरात वेळ कळवताना त्यांचं नाव आणि पद विचारून घ्या. मुलाखतीनंतर आभाराचा ईमेल लिहिताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार नाही.